डाइव्ह-बॉम्बर पुशअप

डाइव्ह-बॉम्बर पुशअप हा हात आणि पायांचे चवडे जमिनीवर टेकवून केला जाणारा, पुढे-मागे वाहणारा व्यायामप्रकार आहे. सुरुवातीला कंबर उंच असते आणि शरीराचा आकार उलट्या व्ही अक्षरासारखा दिसतो. तिथून कोपरे वाकवत डोके आणि छाती दोन्ही हातांमधून जमिनीलगत पुढे न्यायची, मग हात सरळ करून छाती वर उचलायची आणि त्यानंतर ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, म्हणजे पुन्हा जमिनीलगतच्या स्थितीतून, मागे जायचे. इंग्रजी नाव झेपावून बॉम्ब टाकणाऱ्या लढाऊ विमानांवरून आले आहे.

महाराष्ट्रातल्या तालमींत काढला जाणारा ‘जोर’ या व्यायामाच्या इतका जवळचा आहे की दोन्ही एकच समजले जातात. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याचा हिरिरीने प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारातही पर्वतासन, साष्टांग स्थिती आणि भुजंगासन याच क्रमाने येतात. पुढे जाण्याचा अर्धा भाग या सर्वांत जवळपास सारखा असतो. फरक आहे तो परतीत. जोरात किंवा नमस्कारात छाती वर आल्यावर हात सरळच ठेवून कंबर मागे-वर नेतात. डाइव्ह-बॉम्बरमध्ये मात्र कोपरे पुन्हा वाकवून, छाती खाली घेऊन मागे सरकावे लागते. खांद्यांवर येणारे काम या एका फरकाने पार बदलते.

सुरुवातीच्या स्थितीत हात धडाच्या रेषेत, म्हणजे डोक्यावर ताणल्यासारखे असतात. हात डोक्यावर पूर्ण नेताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीपैकी साधारण १२० अंश दंडाच्या हाडाच्या सांध्यात घडतात आणि उरलेले ६० अंश खांद्याचे पाते बरगड्यांवर फिरल्यामुळे मिळतात. पाते असे वर फिरवण्याचे काम बगलेखाली बरगड्यांना चिकटलेला सेराटस अँटिरिअर आणि मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियसचा वरचा व खालचा भाग मिळून करतात. म्हणूनच ‘खांदे कानांपासून दूर ओढा’ ही सर्रास दिली जाणारी सूचना इथे चुकीची ठरते. पाते खाली ओढून धरले तर त्याचे फिरणे अडते आणि दंडाचे हाड वरच्या हाडाच्या छपराला घासू लागते. हात जमिनीत दाबले की खांदे थोडे कानांकडे सरकतात, ते सरकू द्यावेत. ती सूचना पुढे, छाती वर आल्यावर, लागू पडते.

याच स्थितीत पाठीचा कणा सरळ असावा. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर ते ओटीपोटाचे हाड खाली ओढतात, कंबर गोल होते आणि ती गोलाई भरून काढायला खांद्यांना जास्त ताणावे लागते. अशा वेळी गुडघे किंचित वाकवणे हा सोपा आणि योग्य उपाय आहे. टाचा टेकल्याच पाहिजेत हा आग्रह निरर्थक आहे.

झेप घेताना कोपरे वाकतात आणि डोके हातांच्या रेषेकडे उतरते. या उतरणीत दंडामागचा ट्रायसेप्स, खांद्याच्या पुढच्या बाजूचा डेल्टॉइड आणि छातीच्या पेक्टोरलिस मेजरचा गळपट्टीच्या हाडापासून निघणारा वरचा भाग हे लांब होत होत शरीराचे वजन धरून ठेवतात. पाठीचा लॅटिसिमस धड पुढे ओढायला थोडी मदत करतो. सेराटस ढिला पडला तर पात्याची आतली कड पाठीवर उचलून दिसते. मागून पाहणाऱ्याला ते लगेच कळते.

मधल्या, सर्वांत खालच्या स्थितीत छाती जमिनीपासून चार बोटे वर असते आणि दंड बरगड्यांलगत असतात. कोपर पाठीच्या पातळीच्या जरा वर आलेले असते. म्हणजे काही क्षणांपूर्वी डोक्यावर असलेला हात आता धडाच्या किंचित मागे गेला आहे आणि एवढा मोठा प्रवास खांद्याने भार वाहत केला आहे. साध्या पुशअपमध्ये खांदा यातला साधारण अर्धाच भाग फिरतो. कोपरे बाहेर फाकली, किंवा छाती गरजेपेक्षा खाली टेकवण्याचा हट्ट धरला, तर दंडाच्या हाडाचा गोळा पुढे सरकतो आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखे दुखते. या टप्प्यात पोटाचे सरळ आणि तिरके स्नायू कंबर झोळीसारखी खाली लोंबू देत नाहीत, तर मांडीच्या पुढचे स्नायू गुडघे सरळ ठेवतात.

त्यानंतर छाती पुढे-वर येते. इथे ट्रायसेप्स आखडून कोपर सरळ करतो आणि छातीचे स्नायू त्याला साथ देतात. शेवटी हात सरळ आणि उभे असतात, मांड्या जमिनीपासून जरा वर राहतात, पाती खाली व मागे बसतात. ती तशी ठेवण्यासाठी ट्रॅपिझियसचा खालचा भाग आणि लॅटिसिमस काम करतात. पाठीची कमान मात्र पाठीच्या स्नायूंच्या जोरावर होते असे वाटत असले, तरी ती मुख्यतः हातांच्या रेट्याने होते. कण्यालगतचे स्नायू फक्त हातभार लावतात. ही कमान कण्याच्या सर्व भागांत सारखी वाटली जात नाही. छातीमागच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने ते मागे कमी वाकतात, कंबरेचे आणि मानेचे मणके सहज वाकतात. छाती ताठर असली की सगळी कमान कंबरेच्या खालच्या दोन-तीन मणक्यांवर येते आणि त्यांचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात. कंबरेत एकाच ठिकाणी चिमटा बसल्यासारखे वाटले तर कारण बहुधा हेच असते. नितंबाचे स्नायू आवळून धरणे, पोट थोडे आत ठेवणे आणि नजर छताऐवजी समोर ठेवणे एवढ्याने कमान वर, छातीकडे सरकते. तरीही दुखले तर उंची कमी करावी.

आता परतीचा प्रवास. यात दोन वेगळी कामे एकापाठोपाठ येतात. आधी कोपरे वाकवून छाती पुन्हा खालच्या स्थितीत उतरवायची. हे काम ट्रायसेप्स आणि छातीचे स्नायू लांब होत करतात आणि बहुतेकांना जमते. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. शरीराच्या वजनाचा मध्य ओटीपोटाच्या आसपास असतो. पुढे जाताना तो मध्य उंचावरून खाली येत राहतो. शेवटी वर जाते ती फक्त छाती. परतताना तोच मध्य खालून वर चढवायचा असतो. जोर काढताना हे चढणे सरळ हातांवर होते. भार हाडांमधून जमिनीत उतरतो, कोपरांना जवळपास विश्रांती मिळते, आणि पोटाचे व जांघेतले स्नायू कंबर वर खेचतात. डाइव्ह-बॉम्बरमध्ये चढायला सुरुवात होते तेव्हा कोपरे वाकलेलीच असतात, त्यामुळे भार हाडांवर टाकता येत नाही. पुढचा डेल्टॉइड हात पुन्हा डोक्यावरच्या दिशेला रेटतो, ट्रायसेप्स कोपर उघडतो, सेराटस आणि ट्रॅपिझियस पाते फिरवतात, आणि हे सगळे एकाच वेळी.

ट्रायसेप्सची इथली परिस्थिती पाहण्यासारखी आहे. त्याचे लांब डोके, म्हणजे त्याच्या तीन भागांपैकी एक, खांद्याचा सांधा ओलांडून पात्याला जोडलेले असते. छाती वर आणताना हात धडालगत असल्याने ते डोके आखूड असते. परतताना हात डोक्याकडे जात असल्याने ते खांद्याशी ताणले जाते आणि त्याच वेळी कोपराशी आखडते. वीस-वीस जोर काढणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी दंडामागे, बगलेजवळ नवा ठणका जाणवतो तो यामुळे.

जमिनीवर येणाऱ्या भाराचा अंदाज साध्या वजनकाट्यावर घेता येतो. साध्या पुशअपमध्ये वरच्या स्थितीत हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या हातांखाली काटा सुमारे ४० किलो दाखवतो. खाली गेल्यावर हा आकडा ४५ किलोकडे सरकतो. उलट्या व्हीमध्ये पायांकडे वजन गेल्याने तो बराच उतरतो. म्हणजे परतीच्या शेवटी भार कमी असूनही दमछाक होते, ती वजनामुळे नव्हे तर खांद्याच्या त्या कोनात स्नायू दुबळे असल्यामुळे.

याच ६० किलोच्या माणसाचे उदाहरण पुढे नेऊ. त्याला १५ जोर नीट काढता येतात, पण डाइव्ह-बॉम्बर तिसऱ्यालाच बिघडतो. बाजूने फोनवर चित्रण केले की बिघाड दिसतो: परतताना छाती खाली जात नाही, कंबर आधी उचलली जाते आणि कोपरे सरळ झाल्यावरच शरीर मागे सरकते. म्हणजे त्याने नकळत जोर काढला. खरी परत ओळखण्याची खूण अशी की हनुवटी हातांच्या रेषेवरून मागे जाताना जमिनीपासून वीतभरापेक्षा वर नसावी, जणू गोठ्याच्या आडव्या बांबूखालून पुढे गेलो आणि त्याच बांबूखालून मागे आलो. दुसरा बिघाड म्हणजे कोपरे बाहेर फाकणे. पुढचा डेल्टॉइड थकल्यावर शरीर काम छातीवर ढकलते, म्हणून ती फाकतात.

अशा माणसाने लगेच पूर्ण परतीचा हट्ट धरू नये. पुढे जाण्याची उतरण ही परतीच्या चढणीचीच उलटी बाजू आहे आणि लांब होताना स्नायू आखडतानापेक्षा जास्त भार पेलतो. म्हणून काही आठवडे व्हीपासून खालच्या स्थितीपर्यंतची झेप मोजून चार-पाच सेकंदांत घ्यावी, छाती वर आणावी आणि मागे मात्र जोरासारखे सरळ हातांनी जावे. जोडीला व्ही स्थितीतच राहून फक्त कोपरे वाकवत टाळू जमिनीकडे न्यायची आणि वर रेटायची. तीन ते पाच आवर्तनांचे तीन संच, आठवड्यातून दोन-तीन दिवस, एवढे पुरते. पाय रुंद ठेवले की कंबर उचलणे हलके होते. नंतर ते जवळ आणावेत. श्वासाचा मेळ नमस्कारासारखाच बसतो: छाती वर येताना आत, मागे जाताना बाहेर.

मनगटे हा आणखी एक कच्चा दुवा. छाती वर आल्यावर तळहात आणि हात यांच्यात काटकोन होतो आणि खांदे पुढे झुकले तर मनगट त्याहून जास्त दुमडते. तालमीत जोर काढताना लाकडी ठोकळे किंवा विटा धरतात, त्यामुळे मनगट सरळ राहते. मात्र ठोकळ्यांमुळे छातीला खाली जायला जास्त जागा मिळते, हे लक्षात ठेवून खोली आपणच मर्यादेत ठेवावी लागते.

छाती भरीव करण्यासाठी हा प्रकार साध्या पुशअपपेक्षा सरस नाही. भार सतत बदलत असल्याने छातीच्या स्नायूंवर तो थोडाच वेळ जास्त असतो. त्याचा उपयोग खांद्याला सगळ्या कोनांत भार वाहायला शिकवण्यात आहे. खांदा निखळण्याचा इतिहास असलेल्यांनी आणि कंबरेचा मणका पुढे सरकलेल्यांनी तो टाळावा. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर डोके खाली जाणारी व्ही स्थितीच योग्य नाही. त्यांनी टेबलाच्या किंवा कट्ट्याच्या कडेवर हात ठेवून साधा पुशअप करावा.