असाइनमेंट ४०, अंतिम परीक्षा ६०: एकूण टक्केवारी कशी काढायची

हे पत्रक आमच्याकडून निकालपत्रक तयार करून घेणाऱ्या अभ्यासक्रम चालकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे. निकालाची फाइल आम्ही बनवून दिली, तरी "माझे इतकेच टक्के कसे?" हा प्रश्न विद्यार्थी तुम्हालाच विचारतो. अशा वेळी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर हिशेब मांडता यावा, एवढाच या पत्रकाचा हेतू.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. अभ्यासक्रमात चार असाइनमेंट आहेत, अनुक्रमे १०, २०, २० आणि ५० गुणांच्या. अंतिम परीक्षा ८० गुणांची. नियमात लिहिले आहे की असाइनमेंटचा भारांश ४० टक्के आणि परीक्षेचा ६० टक्के. एका विद्यार्थ्याला असाइनमेंटमध्ये ९, १६, १३ आणि ३१ गुण मिळाले, परीक्षेत ४६.

आधी टक्के, मग भारांश

भारांश गुणांना लागत नाही, टक्क्यांना लागतो. म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक भागाचे स्वतंत्र टक्के काढणे. असाइनमेंटचे १०० पैकी ६९ गुण, म्हणजे ६९ टक्के. परीक्षेचे ८० पैकी ४६, म्हणजे ५७.५ टक्के. आता ६९ चे ४० टक्के २७.६ आणि ५७.५ चे ६० टक्के ३४.५. बेरीज ६२.१. हीच एकूण टक्केवारी.

हिशेब एवढाच आहे, पण तो तीन ठिकाणी घसरतो आणि तिन्ही ठिकाणी उत्तर दिसायला बरे दिसते. पहिली चूक सगळे गुण एकत्र करण्याची: ६९ अधिक ४६, म्हणजे १८० पैकी ११५, म्हणजे ६३.८९ टक्के. इथे भारांश वापरलाच गेला नाही. उलट, १८० पैकी १०० गुण असाइनमेंटचे असल्यामुळे त्यांना नकळत ५५.५६ टक्के भारांश मिळाला आणि परीक्षेला जेमतेम ४४.४४. नियमाने जी बाजू जड ठेवली होती, ती हलकी झाली. दुसरी चूक ६९ आणि ५७.५ यांची सरळ सरासरी काढण्याची, ती ६३.२५ येते, म्हणजे दोन्ही भागांना ५० टक्के. तिसरी चूक परीक्षेचे टक्के न काढता ४६ गुणांनाच ६० टक्के लावण्याची. मग २७.६ अधिक २७.६, म्हणजे ५५.२ येतात आणि विद्यार्थ्याचे जवळपास सात टक्के हकनाक जातात. परीक्षा १०० गुणांची असती तर ही चूक दिसलीच नसती, कारण तेव्हा गुण आणि टक्के एकच असतात. म्हणूनच वर्षानुवर्षे नीट चाललेले सूत्र परीक्षा ८० गुणांची केल्यावर अचानक बिघडते.

उत्तर तपासायला कॅल्क्युलेटर लागत नाही. बरोबर उत्तर नेहमी दोन भागांच्या टक्क्यांच्या दरम्यान असते; इथे ५७.५ आणि ६९ च्या मध्ये. ५५.२ या पट्ट्याच्या बाहेर पडते, म्हणजे ते चूकच. शिवाय परीक्षेचा भारांश जास्त असल्याने उत्तर मधल्या ६३.२५ पेक्षा परीक्षेच्या बाजूला झुकायला हवे, म्हणून ६३.८९ सुद्धा बाद. नेमके बघायचे असेल तर दोन्हींतला फरक ११.५ घ्या, त्याचे ४० टक्के म्हणजे ४.६, आणि ते ५७.५ मध्ये मिळवा: ६२.१.

असाइनमेंटची सरासरी: कोणती?

वरच्या हिशेबात असाइनमेंटचे सगळे गुण एकत्र केले. पण कुणी प्रत्येक असाइनमेंटचे टक्के काढून त्यांची सरासरी घेतली तर? ९०, ८०, ६५ आणि ६२ यांची सरासरी ७४.२५ येते. त्यावरून एकूण टक्केवारी ६४.२. एकच विद्यार्थी, तेच गुण, आणि दोन टक्क्यांहून अधिक फरक.

यात चूक कुठलीच नाही. पद्धती दोन आहेत. गुण एकत्र केले की ५० गुणांची असाइनमेंट १० गुणांच्या पाचपट मोजली जाते. टक्क्यांची सरासरी घेतली की चारही समान होतात आणि पहिल्याच आठवड्यातल्या सोप्या असाइनमेंटचे ९० टक्के शेवटच्या मोठ्या प्रकल्पाइतकेच वजन खातात. गुण ठरवताना कामाचा आवाका लक्षात घेतला असेल तर गुण एकत्र करण्याची पद्धत रास्त, असे आमचे मत. आमच्या फाइलमध्ये तीच असते. दुसरी हवी असेल तर सत्र सुरू होण्याआधी सांगा. निकालाच्या दिवशी पद्धत बदलली की कुणाचे तरी टक्के खाली येतातच.

रिकामी जागा आणि शून्य

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. समजा, याच विद्यार्थ्याने ५० गुणांची असाइनमेंट दिलीच नाही. बाकीच्या तिघींत ५० पैकी ३८ गुण. पुढे तीन वाटा आहेत.

न दिलेल्या कामाला शून्य धरले तर असाइनमेंटचे १०० पैकी ३८ होतात आणि एकूण टक्केवारी ४९.७. आजारपणासारख्या कारणाने सूट दिली आणि उरलेल्या तीन असाइनमेंटवरच ४० टक्के भारांश ठेवला, तर ५० पैकी ३८ म्हणजे ७६ टक्के, आणि एकूण ६४.९. तिसरी वाट म्हणजे सुटलेल्या असाइनमेंटचा भारांश परीक्षेकडे वळवणे. ५० गुण हे असाइनमेंटच्या निम्मे, म्हणून ४० पैकी २० परीक्षेला जातात. असाइनमेंट २० आणि परीक्षा ८० टक्के. मग १५.२ अधिक ४६, म्हणजे ६१.२.

उत्तीर्ण व्हायला ५० लागत असतील तर पहिल्या वाटेने हा विद्यार्थी नापास होतो आणि उरलेल्या दोन्हींनी पास. हा निर्णय गणिताचा नाही, तुमच्या नियमाचा आहे. फाइल मात्र तो निर्णय तुमच्या नकळत घेऊन टाकू शकते: स्प्रेडशीटचे `AVERAGE` रिकामी जागा मोजतच नाही, म्हणजे काम न देणाऱ्याला आपोआप सूट मिळते. त्यामुळे एक शिस्त पाळा. काम दिले नाही तर ठळक 0 लिहा, आणि सूट असेल तरच जागा रिकामी ठेवा किंवा "सूट" असा शब्द लिहा.

फाइलमधली सूत्रे

पहिल्या ओळीत शीर्षके, दुसऱ्या ओळीत प्रत्येक भागाचे कमाल गुण, आणि तिसऱ्या ओळीपासून विद्यार्थी. असाइनमेंट `B` ते `E` स्तंभांत, परीक्षा `F` मध्ये. भारांश 40 आणि 60 हे `J1` आणि `J2` मध्ये. मग `G3`, `H3` आणि `I3` मध्ये ही सूत्रे क्रमाने:

```
=SUM(B3:E3)/SUMPRODUCT(--ISNUMBER(B3:E3),B$2:E$2)*100
=F3/F$2*100
=(G3*J$1+H3*J$2)/(J$1+J$2)
```

पहिल्या सूत्राचा लांबलचक भाग फक्त आकडा असलेल्या रकान्यांचेच कमाल गुण मोजतो, म्हणून सूट मिळालेली असाइनमेंट छेदातूनही निघून जाते. ही वरची दुसरी वाट. चारही असाइनमेंटना सूट असेल तर छेद शून्य होऊन `#DIV/0!` दिसेल, आणि ते योग्यच आहे: तिथे माणसाने निर्णय घ्यायचा.

`$` पुसू नका. तो नसेल तर सूत्र खाली ओढताना दुसरी ओळ तिसरी होते आणि चौथ्या ओळीतल्या विद्यार्थ्याचे गुण वरच्या विद्यार्थ्याच्या गुणांनी भागले जातात. शंभराच्या पुढचे टक्के दिसले की बहुधा हेच झालेले असते. भारांशाच्या दोन्ही जागा एकाच पद्धतीने भरा. एकीत 40% आणि दुसरीत 60 लिहिले तर पहिला आकडा फाइलच्या लेखी ०.४ असतो. आपल्या उदाहरणात उत्तर ५७.५८ येते, म्हणजे जवळजवळ नुसत्या परीक्षेचेच टक्के. सगळ्यांचे एकूण टक्के परीक्षेच्या टक्क्यांना चिकटलेले दिसले तर आधी `J1` बघा.

पूर्णांक कधी करायचा

फक्त शेवटी, आणि एकदाच. २७.६ चे २८ आणि ३४.५ चे ३५ करून बेरीज केली तर ६३ येतात, खरे ६२.१, म्हणजे पूर्णांकात ६२.

आणखी एक फसवी गोष्ट. दशांश स्थळे लपवली की ४९.७ हा आकडा पडद्यावर ५० दिसतो, पण आतमध्ये तो ४९.७ च असतो. मग छापील पत्रकावर "५०, नापास" असा विचित्र निकाल येतो. पूर्णांकावर निकाल ठरवायचा असेल तर `ROUND(I3,0)` वापरा आणि पास-नापासाची तुलना त्याच आकड्याशी करा. ठरवायचा नसेल तर एक दशांश स्थळ दिसू द्या.

परीक्षेआधीचे आकडे

परीक्षा व्हायची असताना विद्यार्थ्याला "तुझे २७.६ टक्के आहेत" असे सांगू नका. ते ४० पैकी आहेत. आतापर्यंतच्या कामाचे टक्के ६९, आणि तेही "आतापर्यंत" असे स्पष्ट लिहून. `F` रिकामा असताना आपली फाइल परीक्षेला शून्य धरून `I` मध्ये २७.६ दाखवते, म्हणून तोवर `I` स्तंभ विद्यार्थ्यांना दाखवू नका, `G` दाखवा.

"मला ६५ टक्क्यांसाठी परीक्षेत किती हवेत?" याचे उत्तर उलट्या दिशेने निघते. ६५ मधून २७.६ वजा केले की ३७.४ उरतात. त्यांना ०.६ ने भागले की परीक्षेत ६२.३३ टक्के लागतात, म्हणजे ८० पैकी ४९.८७ गुण. इथे नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा: ५० गुण. आणि त्याला ९० टक्के हवे असतील तर ते आता शक्य नाही, कारण परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले तरी २७.६ अधिक ६०, म्हणजे ८७.६ च होतात.

आमच्याकडे गुण पाठवताना

गुणांच्या यादीसोबत चार गोष्टी लिहून पाठवा: प्रत्येक भागाचे कमाल गुण, दोन्ही भारांश, न दिलेल्या कामाला शून्य की सूट, आणि पूर्णांक करायचा की एक दशांश ठेवायचा. सूट परीक्षेकडे वळवायची असेल तर त्या विद्यार्थ्यांची नावे वेगळी द्या; त्यांच्या ओळीत भारांश वेगळा बसवावा लागतो. फाइल मिळाल्यावर कुठल्याही दोन विद्यार्थ्यांचा हिशेब हाताने करून बघा, आणि त्यांतला एक सूट मिळालेला असू द्या.