कार्डावर नुसता चेहरा पुरत नाही

तीन-चार वर्षांच्या मुलाला आनंद, राग, दुःख, भीती, आश्चर्य आणि किळस अशा सहा चेहऱ्यांची चित्रं एकेक करून दाखवा आणि प्रत्येक वेळी "याला काय वाटतंय?" एवढंच विचारा. हसरा चेहरा बहुतेक मुलं चटकन ओळखतात. उरलेल्या पाचांपैकी बऱ्याच चेहऱ्यांना मात्र तेच ते उत्तर मिळत राहतं, कधी "राग आलाय", कधी "रडू येतंय".

शेरी वायडेन आणि जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञांनी शब्द न सुचवता लहान मुलांना हेच विचारलं होतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उत्तरांना एक क्रम दिसला. मुलाकडे आधी 'छान' आणि 'वाईट' असे दोनच मोठे कप्पे असतात. मग वाईटाच्या कप्प्यातून राग आणि दुःख वेगळे निघतात. भीती आणि आश्चर्य त्यानंतर येतात, आणि किळस सगळ्यात शेवटी. नाक मुरडलेला चेहरा तर शाळेत जाणारी मुलंसुद्धा बऱ्याचदा रागाचाच समजतात.

म्हणजे वीस-तीस चेहऱ्यांची भावना-कार्डं मुलासमोर पसरण्यात फारसा अर्थ नाही. ज्याचे राग आणि भीती अजून एकाच कप्प्यात आहेत, त्याला 'निराश' आणि 'अस्वस्थ' यांतला फरक चित्र दाखवून कळणार नाही. आनंद, राग, दुःख आणि भीती ही चार कार्डं सुरुवातीला पुष्कळ झाली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. याच संशोधकांनी मुलांना कधी नुसता चेहरा दाखवला, तर कधी नुसता भावनेचा शब्द सांगितला, आणि 'असं कशामुळे वाटलं असेल?' असं विचारलं. चेहऱ्यापेक्षा शब्द ऐकल्यावर मुलांनी जास्त योग्य कारणं सांगितली. मुलं भावना ओळखतात ती बरीचशी गोष्टीवरून: आधी काय झालं, मग त्या माणसानं काय केलं. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा राग आलेली प्रौढ माणसं सरासरी तीसेक टक्के वेळाच कपाळाला आठ्या घालतात असं दिसलं. उरलेल्या वेळी राग चेहऱ्यावर त्या ठरावीक रूपात येतच नाही. म्हणून कार्डाच्या एका बाजूला चेहरा असेल तर मागच्या बाजूला छोटासा प्रसंग हवा: हातातून सुटून उडालेला फुगा, कुंपणापलीकडून भुंकणारा कुत्रा. आणि "काय वाटतंय?" च्या आधी "काय झालं असेल?" हा प्रश्न हवा.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांची एक मुलगी तीन वेगळ्या वेळी "मला राग आला" म्हणते. भावानं तिचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला तेव्हा, झोपाळ्यावरची तिची पाळी संपली तेव्हा, आणि बालवाडीच्या दारात आई निघाली तेव्हा. संध्याकाळी सगळं निवांत असताना तिन्ही प्रसंगांची साधी रेघोट्यांची चित्रं काढायची. ती चार कार्डांशेजारी ठेवायची आणि प्रत्येकाबद्दल विचारायचं, "काय झालं की हिला बरं वाटेल?" मनोऱ्याबद्दल ती म्हणते, "दादानं परत बांधून द्यावा." कुणीतरी आगळीक केली आणि ती त्यानं भरून द्यावी, हा राग झाला. झोपाळ्याबद्दल म्हणते, "अजून थोडा वेळ." इथं कुणाचीच चूक नाही, हवी असलेली गोष्ट संपली आहे. हे चित्र दुःखाच्या कार्डापाशी जातं. दारातल्या चित्रापाशी ती थांबते आणि म्हणते, "आई आली पाहिजे." ही भीती आहे, आणि तिच्यावर "रागवायचं नाही" हे उत्तर कामाचंच नाही. आई कधी परत येणार, हे तिला कळणाऱ्या भाषेत सांगायला हवं: खाऊ खाऊन झाल्यावर, गोष्ट संपल्यावर.

इथं मोठ्या माणसाचा हात शिवशिवतो आणि "नाही, ही तर भीती" असं तोंडातून निघून जातं. ते टाळावं. "मला वाटतं, थोडी भीतीही वाटली असेल का?" असा अंदाज पुढे करावा. मुलगी "नाही" म्हणाली तर कार्ड तिथंच ठेवून द्यावं. आत काय चाललंय हे शेवटी तिलाच माहीत. पढवलं की मुलं मोठ्यांना हवं ते कार्ड उचलायला फार लवकर शिकतात.

हे सगळं निवांत वेळेचं काम आहे. मूल आरडाओरडा करत असताना कार्ड पुढे केलं, तर ते उडून भिंतीवर आदळेल. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या थयथयाटाची पालकांनी लिहून दिलेली वर्णनं तपासली (2003). लाथा, किंचाळणं, फेकाफेक हा रागाचा भाग सुरुवातीलाच टोकाला जाऊन ओसरतो, तर रडणं आणि कुशीत शिरणं असा दुःखाचा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पसरलेला असतो. बहुतेक प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपतात. टोकाच्या क्षणी कुणाला लागणार नाही एवढं बघावं आणि कमीत कमी बोलावं. प्रश्न तर विचारूच नयेत.

शांत होण्याची जी पद्धत जगभरच्या बालवाड्यांत वापरली जाते, ती आहे कासवाची. मार्लिन श्नायडर आणि आर्थर रॉबिन यांनी ती 1970 च्या दशकात मांडली. पुढे मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरोल कुशे यांनी आपल्या भावनाशिक्षणाच्या अभ्यासक्रमात ती घेतली. हा अभ्यासक्रम आधी कर्णबधिर मुलांसाठी तयार झाला होता. पायऱ्या अशा: थांबायचं, हात अंगाशी घेऊन 'कवचात' शिरायचं, तीन सावकाश श्वास घ्यायचे, मग बाहेर येऊन काय झालं आणि आता काय करायचं ते सांगायचं. कार्डाची जागा या शेवटच्या पायरीवर आहे.

श्वासाचा उपयोग होतो याला आधार आहे. येलेना ओब्राडोविच आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातेक वर्षांच्या मुलांना एका मिनिटाची चित्रफीत दाखवून चार सावकाश श्वास घ्यायला लावले आणि त्यांच्या हृदयाची गती कमी झाली. पण ती मुलं थोडी मोठी होती आणि चिडलेली नव्हती. छोट्या मुलाला "खोल श्वास घे" म्हटलं की ते खांदे वर उचलून घाईघाईनं हवा आत ओढतं, आणि त्यानं शांत होणं दूरच राहतं. खांदे वर गेले की समजावं, चुकतंय. हृदयाची गती मंदावते ती प्रामुख्यानं श्वास सोडताना, म्हणून सोडण्यावरच भर द्यावा: टेबलावरचं पीस न उडवता हळूहळू पलीकडे सरकवायचं. हा सराव बाहुलीबरोबर, हसतखेळत, रोज एखाद-दोन मिनिटं. चिडल्यावर पहिल्यांदाच शिकवलेलं कासव कवचात जात नाही.

ही पद्धत बिघडते ती बहुधा एका वाक्यानं: "जा, शांत हो आणि मगच इकडे ये." त्या क्षणी शांत होण्याचा कोपरा शिक्षेचा कोपरा होतो आणि मूल पुढच्या वेळी तिथं जायला नकार देतं. सुरुवातीचे बरेच दिवस मोठ्या माणसानं स्वतः शेजारी बसून कासव व्हावं लागतं. दुमडलेले गुडघे दुखतात, पण त्याला इलाज नाही.

थयथयाट वारंवार पंचवीस मिनिटांपलीकडे जात असेल, किंवा मूल त्यात स्वतःला इजा करत असेल, तर मात्र कार्डांवर विसंबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

एरवी प्रगती थयथयाट किती कमी झाला यावरून मोजायची घाई करू नये. शब्द कधी कधी आधी दुसऱ्यांसाठी येतो. रडणाऱ्या मित्राकडे बघून मूल कुणी न विचारता म्हणतं, "त्याला राग नाही आला, तो घाबरलाय." चारही शब्द असे आपणहून येऊ लागले की पाचवं कार्ड काढावं. झोपाळ्याचा प्रसंग आठवत असेल, तर ते हिरमोडाचं असायला हरकत नाही.