झोपेची वेळ टळली की बाळ रात्रभर का उठतं?

"रात्री जरा उशिरा झोपवलं की सकाळपर्यंत उठणार नाही" असं वाटणं स्वाभाविक आहे. मोठ्यांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरंही ठरतं. चार महिन्यांपुढच्या बाळांचं मात्र अनेकदा उलटं होतं.

झोपेची पहिली खूण हळू असते. बाळ खेळणं हातातून सोडतं, शून्यात टक लावून बघतं, भुवयांभोवती लाली येते. हीच वेळ साधायची. डोळे चोळणं, कान ओढणं सुरू झालं की उशीर होऊ लागलेला असतो. पाठीची कमान करून रडणं किंवा एकाएकी अंगात आल्यासारखा दंगा, ही अति थकव्याची लक्षणं. या दंग्याला "अजून झोप आलेली नाही" समजणं ही बाळांच्या झोपेबद्दल सल्ला देताना आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक.

असं का होतं? झोप टळली की शरीर जागं राहण्यासाठी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढवतं. बाळ अखेर दमून झोपतं, पण ही उत्तेजना लगेच ओसरत नाही. बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण पाऊण ते एक तासाचं असतं. ते संपताना प्रत्येक बाळ किंचित जागं होतं. शांत झोपलेलं कूस बदलून पुन्हा झोपतं, अति थकलेलं रडत उठतं.

समजा, आठ महिन्यांचं बाळ दुपारी साडेतीनला उठतं आणि रात्री साडेआठला झोपतं, म्हणजे सलग पाच तास जागं. या वयात साधारण तीन ते साडेतीन तास पुरे होतात. त्यामुळे सव्वानऊला पहिलं रडणं, मग रात्रभर हेच चालू. इथे झोपेची वेळ दर दोन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे घ्यायची. आठ-दहा दिवसांत ती सातच्या आसपास येते. अर्धा तास आधी दिवे मंद करायचे. झोपताना आई-बाबांपैकी कोणी कामावर असेल, तर त्यांनी सकाळचा वेळ बाळासाठी ठेवावा. बाळाला जागं ठेवून वाट बघणं महागात पडतं. दुपारची झोप चुकलेल्या दिवशी वेळ आणखी अर्धा तास अलीकडे घेतली तरी चालते.

बदल दिसायला आठवडाभर द्या. पहिलं रडणं बहुधा आधी कमी होतं, पहाटेचं उशिरा. बाळ अंथरुणात अर्धा तास मजेत लोळत राहिलं, तर वेळ जास्तच अलीकडे गेली असं समजा आणि पंधरा मिनिटं पुढे सरका.

भुकेमुळे उठणं यानं थांबत नाही, लहान बाळांना रात्रीचं दूध लागतंच. चार महिन्यांच्या आत घड्याळ लावू नका, खुणांवर चाला. ताप, सतत घोरणं किंवा कान दुखल्यासारखं रडणं असेल, तर आमच्याआधी डॉक्टरांकडे जा.