खोड-पान आलेख: आकडे न पुसता काढलेलं चित्र

गुणांचे गट पाडून उभे स्तंभ काढायची पद्धत जुनी आहे. तिला 'हिस्टोग्रॅम' हे नाव कार्ल पिअर्सनने १८९० च्या दशकात दिलं. तिची अडचण एकच. ३० ते ३९ च्या स्तंभात सहा मुलं आहेत एवढं कळतं, पण त्यातली पास किती हे चित्रातून पुसलं जातं.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवत आणि बेल लॅब्जमध्येही काम करत. कोणतंही सूत्र लावण्याआधी आकडे नीट पाहावेत, तेही कागद-पेन्सिलीने, असा त्यांचा आग्रह होता. १९७२ च्या एका लेखात त्यांनी खोड-पान आलेखाची मांडणी दाखवली आणि १९७७ च्या 'एक्सप्लोरेटरी डेटा ॲनालिसिस' या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोहोचली. युक्ती साधी आहे: स्तंभ रंगवण्याऐवजी आकड्यांनीच भरायचा. दशकाचा अंक खोड, एककाचा अंक पान.

वीस मुलांच्या एका काल्पनिक वर्गाचे शंभरपैकी गुण असे मांडता येतील:

```
२ | ६
३ | १ ५ ५ ५ ५ ७
४ | २ ८
५ |
६ | १ ३ ४ ४ ६ ८ ९
७ | ० २ ५
८ |
९ | ४
```

आधी पानं यादीतल्या क्रमाने टाकायची, मग चढत्या क्रमाने पुन्हा उतरवायची. चौकटीचा कागद घ्यावा, कारण अंक दाटीवाटीने किंवा ऐसपैस लिहिले तर ओळींची लांबी खोटं बोलते. रिकामी ओळ तर गाळूच नये. पाचची ओळ वगळली असती, तर ४८ आणि ६१ मधली दरी दिसलीच नसती.

या वर्गाची सरासरी ५४.५ येते, आणि पन्नाशीत एकही मूल नाही! मध्यक मात्र ६२. म्हणजे वर्ग दोन घोळक्यांत विभागलेला आहे, एक तिशीच्या आसपास आणि एक साठ-सत्तरीत. ९४ वाला एकटाच लांब. तिशीच्या ओळीतले चार ५ तर हिस्टोग्रॅममध्ये कधीच दिसले नसते. उत्तीर्णतेची रेषा ३५ वर असेल, तर तपासणाऱ्याने काठावरच्यांना वर ओढलं का, अशी शंका येते. अर्थात वीस मुलांवरून ती सिद्ध होत नाही. उत्तरपत्रिका काढून पाहाव्या लागतील.

ओळी फार लांबल्या तर ट्युकी खोड दुभंगत: ० ते ४ ची पानं एका ओळीत, ५ ते ९ ची दुसरीत. पहिल्या ओळीला तारा, दुसरीला ठिपका. आपल्याकडे ३५ ची रेषा नेमकी या दोन ओळींच्या मधे पडते, त्यामुळे तिशीतले नापास आणि पास आपोआप वेगळे होतात:

```
३* | १
३· | ५ ५ ५ ५ ७
```

काही शे मुलांचे गुण असतील तर मात्र ही पद्धत हाताने करू नये. तिथे हिस्टोग्रॅमच बरा.