टॉप-हॅटमधली चकती किती मोठी घ्यायची? उत्तराची मुळं लोहखनिजात

तांदळाचे दाणे दिसणारी `rice.png` ही प्रतिमा इमेज प्रोसेसिंग शिकणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेली असते. मधला भाग उजळ, खालचा काळपट. मॅटलॅबच्या उदाहरणात तिच्यावर १५ त्रिज्येची चकती फिरवून पार्श्वभूमी काढतात, हाच टॉप-हॅट, आणि मग थ्रेशोल्ड लावतात, म्हणजे उजळपणाचा एक आकडा ठरवून त्याच्या वरचे पिक्सेल दाणे मानतात. हा १५ पुढे लोक आपल्या प्रतिमांवरही जसाच्या तसा वापरतात. तो आकडा कशावरून ठरतो, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९६४ साली फ्रान्समध्ये ज्याँ सेरा लोरेनच्या लोहखनिजाचा अभ्यास करत होते. मार्गदर्शक होते जॉर्ज मातेराँ. सूक्ष्मदर्शकातल्या चित्रावरून खनिजाची रचना मोजायची होती. एक छोटा, माहितीतला आकार चित्रावर सरकवायचा आणि तो कुठे मावतो ते पाहायचं, ही त्यांची युक्ती. हाच स्ट्रक्चरिंग एलिमेंट. मातेराँनी याला चाळणीचा अर्थ दिला: ज्या कणात चकती मावत नाही तो कण गळून पडतो. चकती वाढवत नेली की कोणत्या मापाचे कण किती, हे कळतं. चकती न मावणारे भाग गाळण्याच्या क्रियेला ओपनिंग म्हणतात. १९६८ मध्ये फोंतेनब्लो इथे या विषयाचं केंद्रच उभं राहिलं.

टॉप-हॅट आला १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याच केंद्रातल्या फेर्नां मेयर यांच्याकडून. त्यांचं काम पेशींच्या चित्रांवर होतं. त्यांनी चाळणीचा प्रश्न उलटा केला. चाळणीवर जे उरतं ते पार्श्वभूमी समजायचं आणि मूळ प्रतिमेतून वजा करायचं. हाती लागतात ते गळालेले बारीक उजळ भाग. ठिपके काळे असतील तर ओपनिंगऐवजी क्लोजिंग, म्हणजे बारीक काळे भाग बुजवणारी उलटी क्रिया, घेऊन त्यातून मूळ प्रतिमा वजा करतात.

थ्रेशोल्डच्या आधी हे का लागतं, ते आकड्यांत पाहू. समजा प्रतिमेच्या डाव्या कडेला पार्श्वभूमी ६० आहे, उजव्या कडेला १६०, आणि प्रत्येक दाणा आपल्या पार्श्वभूमीपेक्षा ५० ने उजळ. मग डावीकडचा दाणा ११० आणि उजवीकडची रिकामी जागा १६०. दाणे एका बाजूला आणि पार्श्वभूमी दुसऱ्या बाजूला पाडणारा एकही थ्रेशोल्ड इथे सापडत नाही. थ्रेशोल्ड आपोआप निवडणारी ओत्सूची पद्धतही इथे हतबल, कारण तीही साऱ्या प्रतिमेसाठी एकच आकडा शोधते. टॉप-हॅटनंतर दाणे ५० च्या आसपास आणि बाकी सगळं शून्याजवळ येतं. मग २५ चा थ्रेशोल्ड पुरतो.

आता चकती. खालची मर्यादा दाण्याच्या रुंदीवरून ठरते, लांबीवरून नाही. दाणा ३० पिक्सेल लांब आणि ९ रुंद असेल, तर ९ पेक्षा मोठ्या व्यासाची चकती त्यात मावतच नाही, आणि तेवढं पुरे. मात्र दोन दाणे आडवे चिकटले तर रुंदी १८ होते. म्हणून माप सर्वांत जाड पुंजक्याचं घ्यावं. चकती लहान पडली की दाणाच पार्श्वभूमीत जमा होतो आणि निकालात तो पुसट होतो किंवा नुसती कड उरते. हे ओळखायला टॉप-हॅटचा निकाल नव्हे, ओपनिंगची प्रतिमा उघडून पाहावी. तिच्यात दाण्यांच्या सावल्या दिसल्या तर चकती वाढवा.

वरची मर्यादा पार्श्वभूमीच्या वळणावरून येते, आणि ती सहज विसरली जाते. सरळ उताराला ओपनिंग, कडा सोडल्यास, धक्का लावत नाही. पण मधोमध उजळ फुगवटा असेल तर त्याचा माथा कापला जातो. केंद्रापासून r अंतरावर उजेड ०.००५ × r² ने घटतो असं धरा. २० त्रिज्येच्या चकतीने माथ्यावर २ चा अवशेष राहतो, ६० च्या चकतीने १८, आणि १०० च्या चकतीने ५०, म्हणजे दाण्याइतकाच! अशा वेळी रिकामा मध्यभागच थ्रेशोल्डमधून दाणा बनून बाहेर येतो. म्हणून पुंजक्याहून थोडी मोठी चकती घेऊन तिथेच थांबणं मला बरं वाटतं. दाण्यांचं माप माहीत नसेल तर चकती टप्प्याटप्प्याने वाढवत ओपनिंगनंतरच्या पिक्सेलांची बेरीज मांडावी. ती झपाट्याने घसरते आणि मग सपाट होत जाते. सपाटी सुरू होते तिथलं माप घ्यावं. ही मातेराँचीच चाळणी.

एक खोच: मॅटलॅबची `strel('disk',15)` त्रिज्या घेते, ओपनसीव्ही मात्र पूर्ण रुंदी मागते.

```python
se = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_ELLIPSE, (31, 31))
th = cv2.morphologyEx(img, cv2.MORPH_TOPHAT, se)
```

इथे `(15, 15)` लिहिलं तर चकती निम्मीच होते, आणि चिकटलेले दाणे त्याच वेळी गायब होऊ लागतात.

वजाबाकीची मर्यादाही लक्षात ठेवावी. उजेड कमी असलेल्या कोपऱ्यात पार्श्वभूमीसोबत दाण्याचा उठावही घटला असेल, तर टॉप-हॅटनंतरही तिथले दाणे २५-३० वरच राहतात. तिथे मूळ प्रतिमेला ओपनिंगच्या प्रतिमेने भागणं, किंवा आधी लॉगरिदम घेऊन मग टॉप-हॅट लावणं, जास्त योग्य.