सिडेरोब्लास्टिक रक्तक्षय आणि शिशाची विषबाधा

सिडेरोब्लास्टिक रक्तक्षय हा लोहाच्या कमतरतेचा आजार नाही. शरीरात लोह असते, बऱ्याचदा जास्तच असते, पण अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या तांबड्या पेशीला ते वापरता येत नाही. पेशी लोह आत घेते आणि हिमोग्लोबिनमधले हीम बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नेऊन ठेवते. तिथे काम अडते आणि लोह आतच साचून राहते. नाव ग्रीक शब्दांवरून आले आहे : ‘सिडेरोस’ म्हणजे लोखंड आणि ‘ब्लास्ट’ म्हणजे अंकुर, अर्थात अपक्व पेशी. हा दोष जन्मजात असू शकतो, मज्जेच्या कर्करोगसदृश विकारातून येऊ शकतो, क्षयरोगाच्या औषधाने किंवा दारूने होऊ शकतो आणि शिशानेही होऊ शकतो. या नोंदीत भर शिशावर आहे, कारण ते कारण वेळीच ओळखले तर काढून टाकता येते. नागपूरसारख्या ठिकाणी ते नजरेआड होण्याची कारणेही वेगळी आहेत.

हीम कसे बनते आणि कुठे अडते

हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार हीम असतात आणि प्रत्येक हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसलेला असतो. हीम बनवण्याचे काम पेशीच्या दोन भागांत वाटलेले आहे. सुरुवात तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामध्ये होते. ग्लायसीन आणि सक्सिनिल-कोए यांच्यापासून अमिनोलेव्हुलिनिक आम्ल, म्हणजे एएलए, तयार होते. या पायरीला ब-६ जीवनसत्त्व लागते. मग एएलए बाहेर पेशीद्रवात येते. तिथे एएलए डिहायड्रेटेज हे विकर दोन रेणू जोडते, त्यांच्या साखळीचे पुढे कडे बनते आणि हे अर्धवट कडे पुन्हा तंतुकणिकेत जाते. तिथे त्याचे प्रोटोपॉर्फिरिन होते. फेरोचिलेटेज हे विकर या कड्याच्या मध्यात लोह बसवते आणि हीम पूर्ण होते.

शिसे या साखळीत दोन जागी बोट घालते. एएलए डिहायड्रेटेजला चालायला जस्त लागते. शिसे त्या जस्ताची जागा घेते आणि विकर थंडावते. हा परिणाम रक्तातील शिसे अगदी कमी असतानाच, दर डेसिलिटरला सुमारे १० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याआधीच, सुरू होतो. परिणामी एएलए साचते आणि लघवीतून बाहेर पडते. दुसरा अडथळा शेवटच्या पायरीवर आहे. तिथे लोह बसायला हवे ते बसत नाही, आणि कडे जस्त उचलते. यातून जस्त-प्रोटोपॉर्फिरिन तयार होते.

इथे एक बारकावा आहे. ‘शिसे फेरोचिलेटेज बंद पाडते’ असे पाठ्यपुस्तकांत सरसकट लिहिलेले असते. पण कड्यात जस्त बसवणारे विकर तेच आहे. ते पूर्ण बंद असते तर जस्तही बसले नसते. याची तुलना एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया या जन्मजात आजाराशी करता येते. त्यात फेरोचिलेटेजच अपुरे असते, म्हणून मोकळे प्रोटोपॉर्फिरिन साचते आणि उन्हात गेले की कातडी जळते. शिशाच्या रुग्णाला उन्हाचा असा त्रास होत नाही. तेव्हा शिशाच्या बाबतीत लोह त्या विकरापर्यंत योग्य रूपात पोचतच नाही, हेही कारण धरावे लागते.

लोह आतच का राहते

पेशी लोह घेणे थांबवत का नाही, हा खरा प्रश्न आहे. इतर पेशींत लोह पुरेसे झाले की दार आपोआप अरुंद होते. वाढत्या तांबड्या पेशीचे काम मात्र वेगळे आहे. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह मज्जेकडे जाते आणि ते घेण्यासाठीच या पेशींचे दार सताड उघडे असते. त्यावर ब्रेक लावते ते मुख्यतः हीम. हीम पुरेसे झाले की लोहाचा ओघ कमी होतो. हीमच बनत नसेल तर ब्रेक लागत नाही आणि लोह तंतुकणिकेत येत राहते. तिथून ते नेहमी हीमच्या रूपाने बाहेर पडते. हीम नाही, त्यामुळे बाहेरचा रस्ताही बंद. साचलेले लोह तंतुकणिकेतील फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात कणांच्या रूपाने जमते.

वाढत्या तांबड्या पेशीत तंतुकणिका केंद्रकाभोवती दाटीने असतात. म्हणून मज्जेचा नमुना पर्ल्सच्या रंगाने रंगवला की केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांची माळ दिसते. ही पद्धत १८६७ सालची आहे : पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्ल घातले की लोह प्रशियन निळे होते. केंद्रकाच्या किमान एक-तृतीयांश घेराभोवती पाच किंवा अधिक कण दिसले, तर त्या पेशीला कडेदार सिडेरोब्लास्ट म्हणतात. निरोगी मज्जेतही दोन-चार विखुरलेले लोहकण असतात, पण ते असे कडे करून बसत नाहीत. अशा अनेक पेशी मज्जेतच मरतात, त्यामुळे मज्जा भरलेली असूनही रक्तात पेशी कमी पोचतात.

शिशाच्या प्रत्येक रुग्णात मात्र ही कडी दिसत नाहीत. जन्मजात प्रकारात आणि मज्जेच्या विकारात ती भरपूर असतात. शिशात कधी थोडी दिसतात, कधी दिसतच नाहीत. कडी नाहीत म्हणून शिसे नाही, असे म्हणता येत नाही.

नागपुरात निदान कुठे चुकते

विदर्भात रक्त कमी असलेला रुग्ण आला की पहिला विचार सिकलसेलचा होतो, आणि तो योग्यच आहे. जरीपटक्यासारख्या सिंधी वस्तीतून आलेल्या रुग्णात थॅलेसेमियाच्या वाहकपणाची शंका घेतली जाते, तीही योग्य. उरलेल्यांना लोहाच्या गोळ्या मिळतात. या तीन खोक्यांत बहुतेक रुग्ण बसतात, त्यामुळे न बसणाऱ्याकडे लक्ष जायला वेळ लागतो.

नमुन्यादाखल रचलेला एक रुग्ण घेऊ. वय ३८. कामठी रोडकडच्या एका भंगार-गोदामात जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या प्लेटा वितळवण्याचे काम करतो. तक्रार थकव्याची, चिकट बद्धकोष्ठतेची आणि पोटात येणाऱ्या कळांची. ‘डॉक्टरसाहेब, पोट कसं पिळून राह्यलं जी, पण दाबलं तर बरं वाटते.’ ॲपेंडिक्स म्हणून एकदा सोनोग्राफी झाली, त्यात काही निघाले नाही. हिमोग्लोबिन ८.४. पेशी थोड्या लहान, त्यांचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ७६. तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन हलले नाही.

इथे थांबून लोह मोजले, हे पुढच्या डॉक्टरांचे शहाणपण. फेरिटिन २९० आले आणि रक्तात लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची संपृक्तता ५८ टक्के. लोहाची खरी कमतरता असती तर फेरिटिन साधारण १५ च्या खाली आणि संपृक्तता १६ टक्क्यांच्या आत असती. हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी तपासणीत सिकल नव्हते आणि हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण २.६ टक्के, म्हणजे बीटा थॅलेसेमियाचा वाहकही नाही. लहान पेशी आणि भरपूर लोह ही जोडी दिसली, की हीम बनण्यात खोट आहे का ते पाहावे लागते.

मज्जेची तपासणी झाली आणि कडेदार सिडेरोब्लास्ट सापडले. खरे तर ती सुई टाळता आली असती. रक्ताच्या काचपट्टीवर पेशींत निळसर खरखरीत ठिपके होते. शिसे पायरिमिडीन न्यूक्लिओटायडेज हे विकरही दाबते. एरवी हे विकर तरुण पेशीतला उरलेला आरएनए मोडण्यास मदत करते. ते थकले की आरएनए गोळा होऊन ठिपके दिसतात. हे ठिपके लोहाचे नाहीत, त्यामुळे पर्ल्सच्या रंगात ते निळे होत नाहीत. शिवाय रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत रक्त बराच वेळ पडून राहिले की ते पुसट होतात, म्हणून बोटाला टोचून ताजी काचपट्टी करणे बरे. थॅलेसेमियातही असे ठिपके दिसतात, आणि नागपुरात याच कारणाने ‘असतील थॅलेसेमियाचे’ म्हणून ते बाजूला पडतात.

शेवटी निदानाची गाठ सोडवली ती प्रश्नांनी.

‘काम काय करता भाऊ?’

‘भंगाराचं, साहेब.’

‘भंगारात काय?’

‘बॅटऱ्या.’

कागदावर ‘मजूर’ एवढेच लिहिलेले होते. रक्तातील शिसे ८४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. प्रौढांत साधारण ५० च्या पुढे रक्तक्षय दिसू लागतो. हिरडीच्या कडेला करडी-निळी रेघ होती, ती आता सगळ्यांना दिसली.

जस्त-प्रोटोपॉर्फिरिनही वाढलेले होते. ही तपासणी एकटीने शिसे ठरवत नाही, कारण लोहाच्या कमतरतेतही जागा रिकामी राहते आणि जस्त शिरते. पण इथे फेरिटिन भरपूर असताना ते वाढले, म्हणून त्याला अर्थ आला. एएलए बनवण्याची पहिली पायरीच बिघडलेल्या जन्मजात आजारात कडेच पुरेसे बनत नाही, त्यामुळे तिथे प्रोटोपॉर्फिरिन वाढत नाही. लोह साचण्याचे चित्र दोन्हीकडे सारखे दिसते, पण अडथळा कुठे आहे ते या आकड्यावरून ओळखता येते. उपचारही त्यावरच ठरतो. पहिल्या पायरीच्या आजारात ब-६ ने अनेकांचे रक्त सुधारते. क्षयाच्या आयसोनियाझिडने झालेल्या रक्तक्षयातही ब-६ उपयोगी पडते. शिशाचा अडथळा मात्र त्याने सुटत नाही.

उपचार आणि नंतरचे महिने

पहिला उपचार म्हणजे काम थांबवणे. हे लिहायला सोपे आहे, रोजंदारीवर जगणाऱ्या घराला अवघड. पण शिसे शरीरात जातच असताना ते बांधून काढणारी औषधे देण्यात अर्थ नाही, आणि तोंडाने घ्यायच्या औषधांनी आतड्यातून शिसे जास्त शोषले जाण्याचा धोकाही असतो. लोहाच्या गोळ्या बंद केल्या. मग शिसे बांधून काढणारे सक्सिमर दिले : पहिले पाच दिवस दर आठ तासांनी, पुढचे १४ दिवस दर १२ तासांनी, दर वेळी वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम.

उपचार संपताना रक्तातील शिसे २७ वर आले. तीन आठवड्यांनी ते पुन्हा ४६ होते. रुग्णाने चोरून काम केले, असा संशय लगेच घेतला जातो. पण प्रौढाच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. रक्त साफ झाले की हाडातून ते परत रक्तात येते. रक्तातला साठा साधारण महिन्याभरात निम्मा होतो, हाडातल्याला मात्र वर्षानुवर्षे लागतात. जस्त-प्रोटोपॉर्फिरिनही रक्तातल्या शिशाहून सावकाश उतरते, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्यात एकदा बसलेले जस्त पेशी मरेपर्यंत तिथेच असते.

त्याचे पाच वर्षांचे पोर कधी गोदामात गेले नव्हते. तरी त्याच्या रक्तात शिसे १८ निघाले. बाप कामावरचाच शर्ट घालून घरी येई आणि पोराला तसाच उचलून घेई. आता कपडे कामाच्या जागीच बदलून वेगळे धुतले जातात. लहान मुलांत तोंडाने गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा बरेच जास्त शोषले जाते, आणि आहारात लोह कमी असेल तर आणखी. म्हणून पोराचे फेरिटिन तपासले. ते ९ होते. ज्या गोळ्या बापासाठी बंद केल्या, त्याच घरातल्या पोराला लोहाचे औषध सुरू करावे लागले.

एक तळटीपवजा गोष्ट

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हणतात आणि त्याच्या भस्माला नागभस्म. नाग नदीवरून नाव पडलेल्या या शहराचा त्या धातूशी काही संबंध नाही. पण ‘तुम्ही शिसे खाता का?’ असे विचारले तर रुग्ण नाहीच म्हणेल. ‘एखादे भस्म चालू आहे का?’ असे विचारले तर कधी कधी पिशवीतून पुडी निघते.