फँटमच्या तक्त्यावरची आधाररेषा कुणी आणि कधी हलवायची : पार्श्वभूमी

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाची एक्स-रे तपासणी, आणि तिचं यंत्र पारखायला स्तनाच्या जागी ठेवायचा बनावट ठोकळा म्हणजे फँटम. त्याचा आकडा घसरू लागला की बिघाड शोधायचा, की तक्त्यावरची आधाररेषाच, म्हणजे ज्याच्याशी प्रत्येक आकडा ताडायचा तो ठरलेला आकडाच, खाली आणायची, हा वाद फिल्मच्या काळापासूनचा आहे. डिजिटल यंत्रं आल्यावर तो मिटेल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. अमेरिकेत १९८७ मध्ये मॅमोग्राफी केंद्रांचं ऐच्छिक मानांकन सुरू झालं, १९९२ मध्ये कायदा झाला आणि १९९४ पासून ते सक्तीचं ठरलं. त्यातूनच ४.२ सेंटिमीटर दाबलेल्या स्तनाइतका अडथळा देणारा अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा जगभर गेला. त्याच्या मेणाच्या थरात सहा तंतू, ठिपक्यांचे पाच गट आणि पाच गाठी असत. उत्तीर्ण व्हायला चार तंतू, तीन गट आणि तीन गाठी दिसाव्या लागत.

इंदूरमध्ये डार्करूम चालवलेल्यांना त्या काळातली खरी डोकेदुखी ठाऊक आहे: फिल्म धुणाऱ्या रसायनाचं, म्हणजे डेव्हलपरचं, तापमान. जानेवारीतली थंड रात्र आणि त्यात वीज गेलेली, म्हणजे सकाळच्या पहिल्या फिल्म फिक्या यायच्या. म्हणून पेशंट घेण्याआधी सेन्सिटोमीटरने ठरावीक उजेड दिलेली फिल्मची पट्टी धुऊन बघायची, आणि आठवड्यातून एकदा फँटम. ठोकळा छातीकडच्या कडेला टेकवायचा, एक्स्पोजर आपोआप थांबवणाऱ्या एईसीचा सेन्सर दर वेळी त्याच जागी ठेवायचा, पॅडल हलकेच टेकवायचं, आणि चित्र त्याच व्ह्यूबॉक्सवर, त्याच भिंगाने वाचायचं. फिल्मच्या मधल्या भागाची घनता, म्हणजे काळेपणा, आणि यंत्राने दिलेला एमएएस, म्हणजे एक्स-रेचा मारा किती झाला तो आकडा, वहीत शेजारी शेजारी लिहायचा.

हे शेजारी शेजारी लिहिणं का महत्त्वाचं, ते एका उदाहरणातून कळेल. समजा आधाररेषा १.६५ आहे आणि मुभा दोन्ही बाजूंना ०.२० आहे. आठवड्यामागून आठवडा घनता १.६२, १.५८, १.५३, १.४७ अशी येते. एकही आकडा हद्दीबाहेर नाही, पण चारही एकाच दिशेने चाललेत. आता एमएएस बघा. तो होता तेवढाच असेल आणि सकाळची पट्टीही फिकी असेल, तर दोष धुलाईत आहे: डेव्हलपर थंड, जुना किंवा रिप्लेनिशमेंट, म्हणजे ताज्या रसायनाची भर, कमी. पट्टी ठीक आहे पण एमएएसही घटलाय, तर एईसी एक्स्पोजर लवकर तोडतोय आणि इंजिनिअरला बोलवायला हवं.

वाद होतो तो इथेच. "नवी रेषा १.४७ धरा, सगळं हद्दीत बसतं," असं म्हणणारे प्रत्येक विभागात असतात. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, कारण फिल्मचा नवा खोका, वेगळी कॅसेट किंवा वेगळं केमिकल आलं की रेषा बदलावीच लागते. पण त्यालाही रीत होती. खोका बदलताना जुन्या आणि नव्या फिल्मच्या पाच-पाच पट्ट्या एकाच वेळी धुवायच्या, सरासरीतला फरक काढायचा आणि रेषा तेवढीच हलवायची. कारण न शोधता रेषा १.४७ वर आणली, की खालची हद्द १.२७ होते. मग दाट ऊतीत लपलेले बारीक कॅल्शियमचे ठिपके फिक्या फिल्मवर हरवतात, आणि तक्ता मात्र निर्दोष दिसत राहतो. माझ्या मते या व्यवहारातली सगळ्यात घातक सवय हीच.

डिजिटलमध्ये घसरण आणखी लपते. संगणक चित्राचा उजेड सावरून घेतो, त्यामुळे एक्स्पोजर घटलं तरी पडद्यावर चित्र नेहमीसारखंच. घटतो तो सिग्नल, वाढतो तो दाणेदारपणा. म्हणून घनतेच्या जागी सिग्नल-नॉइजचं गुणोत्तर आलं, पण एमएएसचा रकाना तसाच ठेवावा लागला: नॉइज वाढू नये म्हणून डोस हळूहळू चढत असेल, तर तो तिथेच कळतो.

पुढे २०१६ मध्ये नवा, डिजिटलसाठीचा फँटम आला आणि नवा गोंधळ झाला. उत्तीर्ण गुण चार-तीन-तीनवरून दोन-तीन-दोनवर आले. ही सवलत आहे असा आरोप लगेच झाला. प्रत्यक्षात ठोकळा बदललाय. जुन्यात सगळ्यात जाड तंतू १.५६ मिलिमीटरचा आणि चौथा ०.७५ चा होता. नव्यात सुरुवातच ०.८९ पासून होते आणि दुसराच तंतू ०.७५ चा आहे. म्हणजे तंतूंची कसोटी तिथल्या तिथेच आहे. गाठींचंही तसंच: जुनी तिसरी आणि नवी दुसरी, दोन्हींची जाडी ०.७५ मिलिमीटर.

त्यामुळे जुने-नवे गुण एकाच तक्त्यावर मांडले, तर चार तंतूंवरून दोनवर आल्याने यंत्र बिघडल्यासारखं वाटेल. बाहेरची अधिकृत तपासणी आपल्याकडे साधारण दोन वर्षांतून एकदा होते. मधल्या काळात वही हाच आधार. म्हणून फँटम बदलताना काही आठवडे दोन्ही ठोकळे एकाच दिवशी, एकाच सेटिंगवर घ्यावेत, नव्याचा तक्ता वेगळा सुरू करावा आणि जुन्याची शेवटची पानं त्याच वहीत राहू द्यावीत.